यूपीएसच्या देखभाल कराराचं नूतनीकरण : घाबरवणारा शब्द न वापरता वर्षाचं काम कसं सांगावं

प्रश्न : माझा यूपीएस दुरुस्ती-देखभालीचा छोटा व्यवसाय आहे. बहुतेक ग्राहक पतसंस्था आणि दवाखाने. एका पतसंस्थेची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, ३१ मे रोजी संपते. मी ईमेल लिहायला बसलो की एक तर ‘करार संपतोय, लवकर करा, नाहीतर जबाबदारी आमची नाही’ असं धमकीसारखं होतं, नाहीतर ‘सेवेची संधी द्यावी’ असं गयावया केल्यासारखं. वर्षभर यूपीएस नीट चालला म्हणून त्यांना वाटतं की आम्ही काही केलंच नाही. घाबरवायचं नाही, पण केलेलं काम तर कळलं पाहिजे. असा ईमेल नेमका कसा लिहायचा?

उत्तर :

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा, हा ईमेल शेवटी कोण वाचणार आहे? तुम्ही तो व्यवस्थापकांना पाठवाल, पण पतसंस्थेत खर्चाचा निर्णय बहुधा संचालक मंडळाच्या सभेत होतो. व्यवस्थापक तुमचा ईमेल छापून फाइलला लावतात आणि सभेत त्यातल्या चार ओळी वाचून दाखवतात. त्या खोलीत तुम्ही नसता. एखादे संचालक विचारतात, “वर्षभर यांनी केलं काय?” त्या वेळी व्यवस्थापकांच्या हातात जो कागद असेल तोच तुमच्या वतीने बोलतो. म्हणून हा ईमेल व्यवस्थापकांना पटवण्यासाठी लिहू नका. त्यांना दुसऱ्यासमोर जसाच्या तसा वाचता येईल, असा लिहा. एवढं डोक्यात ठेवलं की धमकी आणि गयावया दोन्ही आपोआप गळतात, कारण सभेत ती वाक्यं वाचायला व्यवस्थापकांनाच अवघड जातं.

भीतीची भाषा का चालत नाही, हे मी माझ्या एका पत्रातून शिकलो. तेव्हा धंद्यात चार-पाच वर्षं झाली होती. एका दवाखान्याला लिहिलं होतं की ‘आपल्या बॅटऱ्या जुन्या होत आल्या आहेत, त्या केव्हाही दगा देऊ शकतात, तरी करार त्वरित वाढवावा.’ दुसऱ्या दिवशी तिथल्या प्रशासकांचा फोन आला. त्यांनी शांतपणे विचारलं, “गेल्या भेटीच्या रिपोर्टवर तुम्ही ‘बॅटऱ्या ठीक’ असं लिहून सही केली आहे. मग आता काय झालं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. बॅटऱ्या खरंच ठीक होत्या. मी फक्त पत्राला जोर यावा म्हणून तसं लिहिलं होतं. त्यांनी तीन ठिकाणची कोटेशन मागवली आणि काम गेलं. दराचा प्रश्नच नव्हता. देखभाल करणारा माणूस स्वतःच घाबरलेला दिसला, की त्याने केलेल्या देखभालीवरचा विश्वास उडतो.

तेव्हा ईमेलची सुरुवात संगणकासमोर बसून करू नका, वर्षाच्या सर्व्हिस रिपोर्टची फाइल उघडून करा. तुमच्याच ग्राहकासारखं एक उदाहरण घेतो. मुख्य शाखेत १० केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, येणारा पुरवठा थ्री फेज, १२ व्होल्ट ४२ एएचच्या २० बॅटऱ्या एका माळेत, त्यावर सर्व्हर, काउंटरचे संगणक आणि कॅमेरे, प्रत्यक्ष लोड साधारण ३ किलोवॉट. करार सुट्या भागांशिवायचा. वर्षाला चार नियमित भेटी, आणि तक्रार आली तर सहा तासांत माणूस पोहोचवायचा.

फाइलमध्ये सात कागद निघतात, चार भेटींचे आणि तीन तक्रारींचे. ते सगळे ईमेलमध्ये ओतायचे नाहीत. प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारा : आम्ही त्या दिवशी गेलो नसतो तर ग्राहकाला हे स्वतःहून कळलं असतं का? धूळ काढली, पंखे पुसले, टर्मिनल आवळले, हे काम लागतंच, पण ‘चार भेटी वेळेवर झाल्या’ या एका वाक्यात ते मावतं. जे ग्राहकाला कधीच दिसलं नसतं ते मात्र नीट सांगायला हवं.

आपल्या उदाहरणात ते ऑगस्टच्या भेटीत आहे. त्या दिवशी यूपीएसच्या पडद्यावर बॅटरीचं एकूण व्होल्टेज २७२ दिसत होतं, म्हणजे सरासरी प्रत्येक बॅटरीला १३.६. पडद्याकडे बघणाऱ्याला सगळं ठीक. पण तुमच्याकडच्या मुलाने वीसही बॅटऱ्यांवर मीटर लावला तेव्हा १४ नंबरची बॅटरी ११.४ दाखवत होती. एक सेल गेला की असं होतं. चार्जर फक्त एकूण बेरीज सांभाळतो, त्यामुळे एकीचा आकडा खाली आला की बाकीच्या एकोणीस जणींवर तो फरक वाटला जातो. त्या प्रत्येकी थोड्या जास्त चार्ज होत राहतात आणि महिनोन्महिने तसंच चाललं तर आतून सुकतात. इकडे लाइट गेली की तीच एक बॅटरी सगळ्यात आधी बसते आणि पूर्ण माळेचा बॅकअप तिच्यापाशी संपतो. बॅटऱ्या बसवून २० महिने झाले होते आणि वॉरंटी २४ महिन्यांची होती. तुमच्याकडे आधीच्या भेटींचे प्रत्येक बॅटरीचे आकडे लिहिलेले होते, म्हणून वॉरंटीचा दावा एका खेपेत मंजूर झाला आणि बॅटरी विनामूल्य बदलून मिळाली.

वर्षाच्या कामाचं मोल सांगायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे. तिच्यात तारीख आहे, आकडा आहे, आणि ग्राहकाच्या फाइलमध्ये त्याच घटनेचा कागद आहे. शिवाय ती घडून गेलेली आणि सुटलेली गोष्ट आहे. भविष्यात काय होऊ शकेल हे सांगितलं की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मागे काय सापडलं आणि कसं मिटलं हे सांगितलं की तोच माणूस निवांत होतो. क्रियापदं भूतकाळात ठेवली की भीतीची भाषा बरीचशी आपोआप निघून जाते.

इथे एक मोह आवरायला हवा. ‘ही बॅटरी सापडली नसती तर आपले इतके लाख बुडाले असते’ असा हिशोब मांडू नका. तो आकडा कुणालाच तपासता येत नाही, आणि हिशोबाच्या धंद्यातली माणसं न तपासता येणारा आकडा पाहिला की बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने बघतात. तुम्ही फक्त लिहा की एक बॅटरी वॉरंटीत बदलून मिळाली. तिची किंमत त्यांच्या जुन्या बिलावर आहे, आणि वॉरंटीला चारच महिने उरले होते हे तारखांवरून दिसतं. हिशोब त्यांना करू द्या.

तीन तक्रारींपैकी जुलैमधली पंखा बंद पडल्याची होती. यूपीएस तापून बायपासवर गेला, म्हणजे संगणक थेट मेनच्या विजेवर चालू लागले. तुम्ही दोन तास दहा मिनिटांत पोहोचलात, पंखा बदलला. ऑक्टोबरमधली तक्रार खरं तर यूपीएसची नव्हतीच. मेन स्विचमध्ये एक फेज सैल झाला होता, म्हणून यूपीएस बॅटरीवर जाऊन बीप करत होता. तुम्ही फोनवरच ते ओळखलंत आणि त्यांच्या इलेक्ट्रिशियनला काय बघायचं ते सांगितलंत. असं फोनवर सुटलेलं काम लोक रिपोर्टमध्ये लिहीतच नाहीत आणि मग वर्षअखेरीला त्याची आठवण कुणालाच राहत नाही. पुढच्या वर्षीपासून अशा प्रत्येक फोनची एक ओळ तारखेसह वहीत लिहा.

तिसरी तक्रार जानेवारीची, आणि ती तुमच्या बाजूने चुकलेली. सहा तासांचा शब्द होता, माणूस नऊ तासांनी पोहोचला. बॅटरीचा ब्रेकर पडलेला होता, म्हणजे तेवढा वेळ संस्था बॅकअपशिवाय चालली. ही गोष्ट ईमेलमध्ये लिहायची का? माझं ठाम मत आहे की लिहायची, आणि तुम्हीच आधी लिहायची. व्यवस्थापकांना ती आठवते. तुम्ही गाळलीत तर सभेत ती दुसरं कुणीतरी काढेल, आणि मग तुमचा सगळा ईमेल रंगवलेला वाटेल. एका वाक्यात चूक आणि एका वाक्यात त्यावर काय केलं, एवढं पुरे. लांबलचक माफी मागितली की तीही घबराटच वाटते. आणि ‘काय केलं’ हे खरं हवं. दुसरा माणूस ठेवला असेल तरच तसं लिहा.

आता भाषेबद्दल, कारण मराठीत धमकी कुठे लपते हे कळलं की ती काढता येते. ती ‘न केल्यास’मध्ये असते. ‘नूतनीकरण न केल्यास’, ‘रक्कम न आल्यास’, ‘अन्यथा’. हे शब्द वाचले की माणसाला वीजबिलाची नोटीस आठवते. तसंच ‘आपणास कळविण्यात येते की’, हा कचेरीचा सूर आहे, त्यात लिहिणारा माणूस दिसत नाही. ‘न केल्यास’ असलेलं प्रत्येक वाक्य उलटून ‘झालं की’मध्ये लिहून पाहा. ‘३१ मेपूर्वी करार न केल्यास जूनची भेट होणार नाही’ याऐवजी ‘१ जूनपासून करार सुरू झाला की जूनची भेट पहिल्या पंधरवड्यात ठेवू’. माहिती तीच आहे. दुसऱ्या टोकाला ‘सेवेची संधी द्यावी’, ‘आपला कृपाभिलाषी’ हेही काढा. आणि ‘उत्कृष्ट’, ‘तत्पर’, ‘अखंड’ ही विशेषणं तर पूर्ण काढा. दोन तास दहा मिनिटं असं लिहिल्यावर ‘तत्पर’ लिहायची गरज उरत नाही.

दर वाढवला असेल तर तो लपवू नका आणि त्याबद्दल ओशाळूही नका. मागचा दर, नवा दर, फरक आणि कारण, एवढं एका परिच्छेदात लिहा. समजा मागचा दर १६,८०० होता आणि आता १८,००० ठेवलाय. वाढ १,२०० रुपयांची, म्हणजे सात टक्क्यांच्या किंचित वर. जीएसटी १८ टक्के धरून एकूण २१,२४०. जीएसटी धरून होणारी रक्कम नक्की लिहा, कारण सभेच्या ठरावात तोच आकडा जातो. तो त्यांना स्वतः काढावा लागला तर ईमेल चार दिवस तसाच पडून राहतो. ‘१५ तारखेपर्यंत केल्यास पाच टक्के सूट’ असलं काही देखभालीच्या कामात ठेवू नका. त्यातून दर फुगवलेला होता एवढंच दिसतं.

वेळेबद्दल सांगायचं तर ३१ मेच्या करारासाठी ईमेल एप्रिलच्या मध्यावर जायला हवा, साधारण पंचेचाळीस दिवस आधी. पाठवण्यापूर्वी व्यवस्थापकांना फोन करून एवढंच विचारा, “मे महिन्याची सभा कधी आहे आणि विषयपत्रिका कधी निघते?” सभा मेच्या दुसऱ्या आठवड्यात असेल तर विषयपत्रिका त्याच्या आठवडाभर आधी निघते, म्हणजे एप्रिलअखेर कागद त्यांच्या हातात हवा. घाईचा सूर येतो तो बहुतेक वेळा आपणच उशीर केल्यामुळे. २८ मेला लिहिलेला ईमेल कितीही गोड शब्दांत लिहा, घाबरलेलाच वाटतो.

या सगळ्यातून जो ईमेल तयार होतो तो असा :

विषय : यूपीएस देखभाल करार, १ जून ते ३१ मे : सरत्या वर्षाचा अहवाल आणि पुढील वर्षाचा दर

मा. व्यवस्थापक साहेब,

सप्रेम नमस्कार.

मुख्य शाखेतील १० केव्हीए यूपीएसचा आपला देखभाल करार ३१ मे रोजी पूर्ण होत आहे. मे महिन्याच्या सभेत विषय ठेवता यावा म्हणून सरत्या वर्षाचा अहवाल आणि पुढच्या वर्षाचा दर आत्ताच पाठवत आहे.

ठरल्याप्रमाणे चारही नियमित भेटी झाल्या : १२ जून, २८ ऑगस्ट, ४ डिसेंबर आणि १९ फेब्रुवारी. २८ ऑगस्टच्या भेटीत १४ क्रमांकाच्या बॅटरीचं व्होल्टेज ११.४ आढळलं, इतर बॅटऱ्या १३.६ ते १३.८ दरम्यान होत्या. एकूण व्होल्टेज योग्य असल्याने यूपीएसच्या पडद्यावर हा फरक दिसत नव्हता. बॅटऱ्यांची वॉरंटी डिसेंबरपर्यंत होती. आधीच्या भेटींच्या नोंदी जोडून दावा केला आणि ती बॅटरी विनामूल्य बदलून मिळाली. १९ फेब्रुवारीला संस्थेच्या नेहमीच्या लोडवर ३० मिनिटं मेन बंद ठेवून चाचणी घेतली. चाचणीच्या शेवटी सर्व वीस बॅटऱ्या ११.९ ते १२.१ व्होल्टच्या दरम्यान होत्या, म्हणजे सध्या सर्व सारख्या चालत आहेत.

वर्षभरात तीन तक्रारी आल्या. २१ जुलैला पंखा बंद पडल्याने यूपीएस बायपासवर गेला होता. आमचा माणूस २ तास १० मिनिटांत पोहोचला आणि त्याच भेटीत पंखा बदलला. ९ ऑक्टोबरला मेन स्विचमधला सैल फेज फोनवरून शोधून आपल्या इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घेतला, भेटीची गरज पडली नाही. २२ जानेवारीला मात्र आम्ही सहा तासांऐवजी नऊ तासांनी पोहोचलो. त्यानंतर आपल्या भागासाठी दुसरा माणूस नेमला आहे. त्याचा नंबर सोबतच्या पत्रकात दिला आहे.

बॅटऱ्या आता तिसऱ्या वर्षात आहेत आणि वॉरंटी संपली आहे. म्हणून पुढील वर्षी ३० मिनिटांची लोड चाचणी वर्षातून एकदाऐवजी दोनदा, ऑगस्ट आणि फेब्रुवारीच्या भेटीत घेऊ आणि दोन्ही वेळचे आकडे आपल्याला लेखी देऊ. बॅटरी बदलण्याचा विचार कधी करायचा हे त्या आकड्यांवरून संस्थेला ठरवता येईल.

वार्षिक दर १८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण २१,२४० रुपये. मागील वर्षी मूळ दर १६,८०० होता. वाढ १,२०० रुपयांची असून ती प्रवासखर्च आणि वाढलेल्या चाचणीसाठी आहे. बाकी अटी आहेत तशाच आहेत.

सभेत मान्यता मिळाली की या ईमेलला उत्तर म्हणून फक्त ‘मान्य’ एवढं कळवलं तरी चालेल, कराराची प्रत आम्ही घेऊन येऊ. जूनची भेट १ ते १५ जूनच्या दरम्यान, आपल्या सोयीच्या दिवशी ठेवू.

सोबत : चारही भेटींचे रिपोर्ट, बॅटरीनिहाय व्होल्टेजचा तक्ता, संपर्काचं पत्रक, कराराचा मसुदा.

आपला,
(नाव, मोबाइल)

या ईमेलमधल्या दोन जागांबद्दल थोडं सांगतो.

पहिली जागा बॅटऱ्यांच्या वयाची. वॉरंटी संपली आहे हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं, लपवणं अप्रामाणिकपणा झाला. पण बघा, त्या वाक्याला लगेच जोडून आपण काय करणार ते आलंय. वय सांगितलं, मोजणी वाढवली, निर्णय त्यांच्याकडे ठेवला. बॅटऱ्या बदलण्याचं कोटेशन या ईमेलला अजिबात जोडू नका. जोडलंत की देखभालीचा करार हा बॅटऱ्या विकण्याचा रस्ता आहे असं वाटतं, आणि सभेत एकाऐवजी दोन खर्च समोर आले की दोन्ही पुढच्या सभेवर जातात. ते कोटेशन ऑगस्टच्या चाचणीनंतर, आकड्यांनी तशी गरज दाखवली तरच, वेगळ्या पत्राने द्या.

आणि एखादी खरीच काळजीची गोष्ट असेल तर? समजा फेब्रुवारीत बॅटरी फुगलेली दिसली, टर्मिनल गरम लागत होता, वितळल्याचा वास येत होता. ती गोष्ट नूतनीकरणाच्या ईमेलमध्ये येताच कामा नये, कारण ती त्याच दिवशी फोनवर सांगून, लेखी देऊन, शक्य असेल तर ती माळ बंद करून संपायला हवी होती. एप्रिलमध्ये लिहिताना अशी कुठली गोष्ट तुमच्या मनात येत असेल, तर ईमेल बाजूला ठेवा आणि आधी शाखेत जाऊन या. सुरक्षिततेची बाब करारावर सही होईपर्यंत हातात धरून ठेवणं चूक आहे, मग ती कितीही सौम्य शब्दांत लिहिलेली असो.

दुसरी जागा बॅटरीनिहाय तक्त्याची. तो जोडाच. वीस ओळी आणि चार रकाने, प्रत्येक भेटीचा एक रकाना. चौदाव्या ओळीत ऑगस्टच्या रकान्यात ११.४ आणि डिसेंबरमध्ये १३.६ दिसतं. संचालकांना व्होल्टेजमधलं काही कळत नसलं तरी एवढ्या आकड्यांत एकच वेगळा आहे आणि पुढच्या रकान्यात तो बाकीच्यांसारखा झाला आहे, हे कुणालाही दिसतं. माझ्या अनुभवात सभेत फिरतो तो हा तक्ता. तो नसेल, म्हणजे तुमची मुलं फक्त एकूण व्होल्टेज लिहून येत असतील, तर यंदाच्या ईमेलमध्ये दाखवायला फारसं काही नाही. तसं असेल तर खोटा तक्ता बनवू नका. भेटींच्या तारखा, तक्रारींना लागलेला वेळ आणि पुढच्या वर्षी प्रत्येक बॅटरीची नोंद देणार हे वचन, एवढ्यावर छोटा ईमेल लिहा आणि जूनपासून खरंच नोंद सुरू करा.

उत्तर आलं नाही तर सभेच्या दोन दिवसांनंतर फोन करा, त्याआधी नको. फोनवर “विषय झाला का?” एवढंच. पुढे ढकलला गेला असेल तर कशामुळे ते विचारा. दराचं कारण असेल तर दर लगेच खाली आणू नका, काम कमी करून दर कमी होतो का ते सांगा. चारऐवजी तीन भेटी केल्या तर दर इतका, पण पावसाळ्यानंतरची भेट सोडायची नाही, असं. दर तसाच्या तसा खाली आणला तर मूळ आकडा का लावला होता याचं उत्तर द्यावं लागतं.

आठवण करून देणारा ईमेल १५ मेच्या सुमाराला एकच पाठवा, आणि तो आधीच्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा म्हणजे अहवाल खाली जोडलेला राहतो. त्यात नव्याने काही पटवू नका :

“साहेब, नमस्कार. १६ एप्रिलला पाठवलेला अहवाल आणि दर खाली आहे. सभेला आणखी काही माहिती हवी असल्यास सांगा, त्याच दिवशी पाठवतो. जूनच्या भेटीसाठी ४ किंवा ९ तारीख धरली आहे, त्यातली कुठली सोयीची होईल?”

शेवटचं वाक्य भेटीच्या तारखेवर नेलेलं आहे. त्याला उत्तर देणं सोपं असतं, आणि तारीख ठरली की करार बहुतेक वेळा तिच्यामागून येतो.

आणि १ जून उजाडला तरी काही कळलं नाही तर? त्या दिवशी वस्तुस्थिती लिहून कळवा, त्यातही ‘अन्यथा’ नको. “करार काल पूर्ण झाला. सभेचा निर्णय होईपर्यंत तक्रार आली तर आम्ही येऊ, त्या भेटीचा आकार ठरल्याप्रमाणे वेगळा लागेल. नवीन करार जूनमध्ये झाला तर तो १ जूनपासूनच धरू. जुलैपासून झाला तर सुरुवातीला एक तपासणी भेट करून त्या दिवसापासून बारा महिने मोजू.” किती दिवसांपर्यंत जुन्या तारखेपासून धरायचं हे तुम्ही आधीच ठरवून सगळ्या ग्राहकांना सारखं ठेवा. मध्ये एक-दोन महिने कुणी यूपीएस उघडलेला असू शकतो, म्हणून ती तपासणी भेट सोडू नका, आणि तिचा बॅटरीनिहाय तक्ता नव्या कराराच्या पहिल्या पानाला लावा.